द्विभाषिक लग्नपत्रिका: मध्यरात्रीनंतरचा मुहूर्त, निमंत्रक आणि रस्ता. मजकूर कसा मांडावा?

वधूची_मामी

नमस्कार मंडळी. भाचीच्या लग्नाची पत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांत करायची आहे. मुलगा तेलुगू घरातला. त्यांच्या माणसांना मराठी वाचता येत नाही, आणि आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी पत्रिका हातात द्यायला मन धजत नाही. मजकूर याच आठवड्यात छापखान्यात द्यायचा आहे आणि तीन ठिकाणी अडले आहे.

पहिले, मुहूर्त. शनिवार ७ फेब्रुवारी २०२६ च्या रात्री १२ वाजून ४८ मिनिटे. आता वार शनिवार लिहायचा की रविवार? त्यातच मी मिती बघायला एक संकेतस्थळ उघडले, तर तिथे त्या दिवशी फाल्गुन कृष्ण पक्ष दिसतो. मुलाकडच्या गुरुजींच्या कागदावर मात्र माघ बहुळ लिहिले आहे.

दुसरे, भाचीचे वडील हयात नाहीत. निमंत्रण तिची आई आणि सख्खे काका देणार. वडिलांचे नाव कुठे घालावे?

तिसरे, कार्यालय गावाबाहेर हमरस्त्यापासून आत आहे आणि पाहुणे अंधार पडल्यावर पोचणार. रस्ता पत्रिकेत किती आणि कसा लिहायचा?

मराठी मसुदा असा आहे: "आमच्या येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. सौ. कां. ... हिचा जेष्ठ चिरंजीव चि. ... यांच्याशी शुभविवाह शनिवार दि. ७ फेब्रुवारी २०२६ रोजी रात्री १२ वा. ४८ मि. या शुभमुहुर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभ आर्शिवाद द्यावेत ही विनंती." इंग्रजी बाजू याचेच शब्दशः भाषांतर करून तयार ठेवली आहे.

उत्तररात्र

वाराचा प्रश्न सोपा आहे. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. दोन्ही भाषांत "रविवार, दि. ८ फेब्रुवारी, १२.४८" छापा, विषय संपला. कायद्यानेही लग्नाची तारीख ८ च धरली जाईल.

खिळेजुळारी

उत्तररात्र, तारखेबद्दल तुमचे बरोबर आहे, पण तेवढेच छापले तर पाहुणे एक दिवस उशिरा येतील. "रविवार ८ फेब्रुवारी, १२.४८" वाचून निम्मी माणसे रविवारी दुपारी पाऊण वाजता दारात उभी राहतील. उरलेली "रात्री" हा शब्द असेल तर रविवारचे जेवण आटोपून निघतील. दोघांनाही मंडप उतरवलेला दिसेल.

मामी, गोंधळ का होतो तेवढे आधी पाहू, म्हणजे शब्द आपोआप सापडतील. पंचांगाचा वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. म्हणून गुरुजींच्या दृष्टीने १२.४८ ला शनिवारच आहे आणि त्यांनी शनिवार लिहिला यात चूक नाही. इंग्रजी दिनदर्शिकेत मात्र मध्यरात्रीला रविवार लागतो. एकाच क्षणाला दोन वार आहेत, दोन्ही खरे आहेत. पत्रिकेत एकच छापला की दुसऱ्या भाषेचा वाचक चुकतो.

यावर उपाय म्हणजे रात्रीला नाव द्यायचे आणि दोन्ही तारखा लिहायच्या. मराठी बाजूला असे:

"शनिवार दि. ७ फेब्रुवारी २०२६ च्या मध्यरात्रीनंतर १२ वा. ४८ मि. (रविवार दि. ८ फेब्रुवारी लागल्यावर)"

आणि इंग्रजी बाजूला: "ऑन द नाइट ऑफ सॅटर्डे, सेव्हन्थ फेब्रुवारी, अॅट ट्वेल्व्ह फोर्टी-एट ए.एम. (संडे, एट्थ फेब्रुवारी)". इंग्रजीत ए.एम. गाळू नका आणि "मिडनाइट" हा शब्द एकटा वापरू नका, कारण शनिवारची मिडनाइट म्हणजे शनिवार सुरू होतानाची की संपतानाची यावर इंग्रजी वाचणाऱ्यांतही एकमत नसते.

याहून महत्त्वाची ओळ तुमच्या मसुद्यात नाहीच. पाहुण्याला मुहूर्त कळून उपयोग नाही, त्याने किती वाजता यायचे ते कळायला हवे. म्हणून मुहूर्ताच्या वर, त्याच आकाराच्या अक्षरात: "आगमन: शनिवार दि. ७, सायंकाळी ७ पासून". त्याखाली भोजनाची वेळ, मग मुहूर्त. शनिवार हा शब्द सगळ्यात आधी डोळ्यात भरला पाहिजे. ज्याने पुढचे काहीच वाचले नाही तोही मग बरोबर दिवशी येतो.

आणखी एक बघून घ्या. आपल्याकडे मंगलाष्टके संपून मुहूर्ताला अक्षता पडतात, तेलुगू विवाहात त्याच क्षणी वधूवर एकमेकांच्या मस्तकावर जिरे-गूळ ठेवतात. दोन्ही करणार असाल तर १२.४८ ला नेमके काय होणार हे दोन्हीकडच्या गुरुजींना एकत्र बसवून ठरवा, आणि मंगलाष्टकांची वेळ वेगळी छापा. नाहीतर आपली माणसे १२.३५ ला अक्षता हातात धरून वाट बघतील आणि त्यांची माणसे तोवर स्थिरावलेलीच नसतील.

मितीचे उत्तर: माघ. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात, वद्य पक्षात उत्तरेकडचे नाव एक महिना पुढे जाते. तुम्ही पाहिलेले संकेतस्थळ उत्तरेच्या रीतीचे असणार. तेलुगू पंचांग आपल्यासारखेच अमावास्येला महिना संपवते, म्हणून त्यांचे माघ बहुळ आणि आपले माघ वद्य एकच. शके १९४७ लिहा. १९४८ हे गुढीपाडव्याला, म्हणजे १९ मार्च २०२६ ला लागते. फेब्रुवारीच्या पत्रिकांत ही चूक फार होते, कारण इंग्रजी वर्ष बदललेले असते आणि लोक शकही एकाने वाढवून टाकतात. तिथी मात्र गुरुजींकडूनच लिहून घ्या. मध्यरात्रीनंतरच्या मुहूर्ताला सकाळच्या दिनदर्शिकेवरची तिथी लागू असेलच असे नाही.

दुर्वा२१

मामी, अभिनंदन! माझ्याकडे पत्रिकेसाठी चारोळ्या आणि "माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" अशा किलबिल ओळींचा छान संग्रह आहे. मराठीची एक ओळ आणि खाली तिचीच इंग्रजी ओळ अशी मांडणी केली की दोन भाषा छान गुंफल्यासारख्या दिसतात. पाठवू का?

खिळेजुळारी

दुर्वा, किलबिलीच्या ओळी आपल्या पत्रिकेचा लाडका भाग आहेत, मराठी बाजूला जरूर घाला. पण ओळीआड ओळ ही मांडणी नको. प्रत्येक वाचकाला एक ओळ सोडून वाचावे लागते, आणि वेळांच्या जागी आकडे दोनदा आल्यामुळे ते दोन वेगळे कार्यक्रम वाटतात. घडीची पत्रिका घ्या, उघडल्यावर डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी.

मामी, शब्दशः भाषांतर बाजूला ठेवा. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" याचे इंग्रजी केले की ते परकेही वाटते आणि लांबतेही. इंग्रजीची स्वतःची रीत आहे: "वुइथ द ब्लेसिंग्ज ऑफ" करून वडीलधारी, मग निमंत्रक, मग "रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी अॅट द वेडिंग ऑफ". मराठीत आधी कन्येचे नाव येते आणि निमंत्रक खाली उजवीकडे "आपले विनीत" म्हणून उभे राहतात. इंग्रजीत निमंत्रक वाक्याचा कर्ता असतो, म्हणून वर जातो. दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर आहेत, ते जुळवायला जाऊ नका.

जुळायला हवे ते वार, तारीख, वेळ, स्थळ आणि नावे. यासाठी एक युक्ती आहे. हा भाग दोन्ही पानांवर एकाच उंचीवर बसवायला सांगा. मग मुद्रितावर पट्टी आडवी ठेवली की एका नजरेत दोन्हीकडचे आकडे ताडता येतात. मजकूर वर कमी-जास्त झाला तर रिकामी जागा वर पडू द्या, हा भाग हलवू नका.

मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा थोडे मोठे घ्यावे लागते. इंग्रजी साडेनऊ पॉइंट असेल तर मराठी अकरा घेतल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखे वाटतात, कारण आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. ओळींतले अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला दीर्घ ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

गोरजवेळ

आमच्याकडे मागच्या वर्षी गोरज मुहूर्त होता. इंग्रजी बाजूला नुसते "गोधूली मुहूर्त" इंग्रजी लिपीत छापले आणि वेळ लिहायची राहिली. परगावचे पाहुणे दुपारपासून फोन करत होते. मामी, तुम्हालाही गोरज मुहूर्त मिळतो का विचारून बघा, मग हा मध्यरात्रीचा प्रश्नच येणार नाही.

वधूची_मामी

गोरजवेळ, मुहूर्त मुलाकडच्या गुरुजींनी दोन्ही पत्रिका बघून काढला आहे, तो बदलणार नाही. पण वेळ आकड्यांत हवी हे लक्षात ठेवले. खिळेजुळारी, मनापासून आभार, आता निमंत्रकांचे सांगा.

खिळेजुळारी

तत्त्व इतकेच की निमंत्रण हयात माणूस देतो. कैलासवासी वडिलांचे नाव निमंत्रकांत येत नाही, नात्याच्या ओळीत येते. म्हणजे मराठीत "कै. ... आणि श्रीमती ... यांची कन्या चि. सौ. कां. ..." असे वर, आणि खाली "आपले विनीत" मध्ये आई, मग काका-काकू. आईचे नाव आधी. काका कर्ते असले तरी कन्या तिची आहे.

इथे मसुद्यातला एक दोष दिसतो. "आमची कन्या" असे लिहून खाली विनीत म्हणून काकांचीही सही असेल, तर कन्या कोणाची ते कळत नाही. "आमच्या कुटुंबातील" असे मोघमही करू नका. वरच्यासारखे आईवडिलांचे नाव घालून वाक्य सुरू केले की काका खाली निर्धास्त उभे राहू शकतात. वराच्या आईवडिलांची नावेही मसुद्यात नाहीत. "जेष्ठ चिरंजीव" कोणाचे, ते लिहायला हवे.

इंग्रजीत वधूच्या नावाखाली "डॉटर ऑफ", मग आईचे नाव आणि "अँड द लेट" करून वडिलांचे. "द लेट" वडिलांच्या नावालाच चिकटून हवे. ओळ मोडताना "लेट" एका ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत गेले, किंवा दोघांच्या आधी एकदाच आले, तर आईलाही लागू होते. ही चूक छापून झाल्यावर कुणालाही बघवत नाही.

वराच्या नावाचे मराठी रूप इंग्रजीवरून अंदाजाने करू नका. तेलुगू माणसे "त" साठी इंग्रजीत टी-एच लिहितात. आपण त्याचा थ करतो आणि ललिताबाईंची ललिथा होते, गीताची गीथा. त्यांच्याकडून प्रत्येक नाव बोलून ध्वनिमुद्रित करून मागवा आणि ते ऐकून मराठीत लिहा. इंग्रजी बाजूला मात्र वधूवरांची नावे ओळखपत्रावर आहेत त्याच स्पेलिंगने. विवाहनोंदणीच्या वेळी पत्रिका मागतात, तिथे नाव आणि तारीख ताडली जाते. म्हणूनच ८ फेब्रुवारी कंसात का होईना, छापलेली असायला हवी.

आत्याबाई

मला "कै." बद्दल बोलायचे आहे. आमच्याकडे शुभकार्याच्या पत्रिकेवर कै. हे अक्षर घालत नाहीत. वडिलांचे नाव वर, देवांच्या खाली "यांच्या शुभाशीर्वादाने" म्हणून लिहितात. मुलीलाही बाबांचा आशीर्वाद आहे असे वाटते. आणि "श्रीमती" सुद्धा कशाला? "सौ." नसल्याचा शिक्का मारल्यासारखे होते. नुसते नाव लिहा.

खिळेजुळारी

आत्याबाई, तुमची रीत सुंदर आहे आणि मराठी बाजूला चालतेही. माझी शंका इंग्रजी बाजूपुरती. "वुइथ द ब्लेसिंग्ज ऑफ" खाली हयात आजी-आजोबांची नावे असतात. त्यांत वडिलांचे नाव "लेट" शिवाय आले तर परकी माणसे लग्नात त्यांना भेटायला शोधतील. कार्यालयाच्या दारात वधूच्या आईला "वडील कुठे आहेत" असे विचारले जाऊ नये, एवढ्यासाठी मी इंग्रजीत "लेट" ठेवीन. "श्रीमती" बद्दल तुमच्याशी सहमत. आईला विचारा आणि त्या म्हणतील तसे करा.

उत्तररात्र

मला वाटते दोन्ही बाजूंना सारखेच हवे. एका भाषेत कै. नाही आणि दुसरीत लेट आहे, हे दोन्ही भाषा येणाऱ्याला खटकेल.

आत्याबाई

खटकू दे. मराठी वाचणाऱ्या घरांना ते गेल्याचे ठाऊक आहे.

नकाशेवाला

रस्त्याबद्दल मी लिहितो. पत्रिकेच्या मुख्य पानांवर फक्त स्थळाचे नाव, पूर्ण पत्ता आणि एक फोन. रस्ता वेगळ्या चिठ्ठीवर, एका बाजूला मराठी, मागे इंग्रजी. निघताना लोक पत्रिका घरी ठेवतात, चिठ्ठी खिशात टाकतात.

सगळा प्रवास लिहू नका. हमरस्त्यापर्यंत प्रत्येकजण पोचतो, चुकतो तो शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये. म्हणून वळण जिथे घ्यायचे तिथून सुरू करा, आणि दोन्ही दिशांनी येणाऱ्यांसाठी वेगळे वाक्य लिहा. एका बाजूने जे डावे वळण आहे ते दुसऱ्या बाजूने उजवे, आणि मध्ये दुभाजक असेल तर पुढे जाऊन वळून यावे लागते. ते अंतर लिहा.

खुणा रात्री दिसणाऱ्याच घ्या. वडाचे झाड, शाळेची पिवळी भिंत, बंद झालेले दुकान, या अंधारात नसल्यात जमा. पेट्रोल पंप, पुलावरचे दिवे, मंदिराच्या शिखरावरचा दिवा चालतात. एकदा रात्री आठला स्वतः त्या रस्त्याने गाडीतून जा आणि दिसले तेच लिहा. नमुना: "पुलावरून उतरल्यावर पहिला पेट्रोल पंप डाव्या हाताला सोडा. त्यानंतर साधारण ३०० मीटरवर डावीकडे वळा. आत ८०० मीटरवर उजव्या हाताला कार्यालयाचे दुसरे फाटक. गाड्या तिथूनच आत घ्याव्यात."

इंग्रजीत हेच लिहिताना खुणेचे नाव पाटीवर जसे दिसते तसे ठेवा. पाटी फक्त मराठीत असेल, तर त्यांना ती वाचता येत नाही. मग "वळणावर पांढरी कमान" असे दिसणारे वर्णन द्या. बहुतेक जण नेमके हे विसरतात. आपण मराठी पाटीचे नाव इंग्रजी अक्षरांत देतो आणि तो माणूस तसे लिहिलेली पाटी शोधत राहतो.

क्यूआर कोड चिठ्ठीवर घाला. निदान २ सेंटीमीटरचा, पांढऱ्यावर काळा, चारी बाजूंनी कोरी जागा सोडून. सोनेरी छपाईत तो चकाकतो आणि फोन पकडत नाही. कोडमागची खूण कार्यालयाच्या नावावर लावू नका, गाड्या आत जाण्याच्या फाटकावर लावा. मोठ्या आवाराच्या मध्यावर खूण असली की नकाशा मागच्या गल्लीत नेऊन "पोचलात" म्हणतो. कोड मुदतीचा नको. काही फुकट सेवांचे कोड थोड्या दिवसांनी बंद पडतात. जागेचा दुवा थेट कोडमध्ये भरला की ती भीती नाही.

वधूची_मामी

सगळ्यांचे ऐकून मराठी बाजू अशी केली आहे, बघा:

"कै. ... व ... यांची कन्या चि. सौ. कां. ... आणि श्री. व सौ. ... यांचे ज्येष्ठ चिरंजीव चि. ... यांचा शुभविवाह मिती माघ वद्य (तिथी गुरुजींकडून), शके १९४७ या दिवशी योजिला आहे. आगमन: शनिवार दि. ७ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी ७ पासून. भोजन: रात्री ८ ते ११. मंगलाष्टके: मध्यरात्रीनंतर १२ वा. ३० मि. शुभमुहूर्त: १२ वा. ४८ मि. (रविवार दि. ८ फेब्रुवारी लागल्यावर). तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत ही नम्र विनंती."

"कै." अजून ठरलेले नाही. आज रात्री वन्संशी बोलते.

खिळेजुळारी

छान झाले आहे. पहिल्या मसुद्यातले जेष्ठ, मुहुर्त आणि आर्शिवाद तुम्ही दुरुस्त केलेत हे पाहून बरे वाटले. पण छापखान्यात हा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उतरवला जाईल तेव्हा या चुका पुन्हा शिरू शकतात. त्यात आशीर्वादाचा रफार हमखास सरकतो. "विनीत" मधली दुसरी वेलांटीही दीर्घ आहे, ती पाहा. नातलगांत गोऱ्हे किंवा कऱ्हाडे असे आडनाव असेल, तर तो अर्धा र विशेष तपासा, फॉन्ट बदलताना तो पुष्कळदा तुटतो किंवा रफार होऊन बसतो.

मुद्रित फोनवरच्या चित्रावर मंजूर करू नका. पीडीएफ मागा, पत्रिकेच्याच आकारात कागदावर छापा आणि दोघांनी वाचा. एकाने मराठी पान मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने इंग्रजी पानावर बोट ठेवायचे. इंग्रजी पान मुलाकडच्या कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि त्यांना एवढेच विचारा: "तुम्ही कोणत्या दिवशी घरून निघाल?" उत्तर शनिवार आले तरच छपाईला द्या.

वधूची_मामी

आत्ताच मुलाच्या बहिणीला इंग्रजी मसुदा पाठवून हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली रविवारी! बघते तर "आगमन" ची ओळ इंग्रजीत घालायचीच राहिली होती. ती घालून पुन्हा पाठवते आहे.